मीठ बाहेर, पाणी सगळीकडे

रक्ताच्या रिपोर्टात सोडियम १२२ आलं की घरात पहिला सल्ला ठरलेला असतो: जेवणात मीठ वाढवा. ताकात चिमूटभर जास्त घाला, लोणचं-पापड खाऊ द्या. ऐकायला बरोबर वाटतं. सोडियम म्हणजे मीठ, ते कमी झालं, मग द्यायला नको का? पण हृदय कमजोर होऊन दोन्ही पाय सुजलेल्या माणसाच्या अंगात मीठ गरजेपेक्षा कितीतरी जास्त साठलेलं असतं, आणि तरीही त्याचा रिपोर्ट १२५ दाखवू शकतो. त्याला आणखी मीठ दिलं तर सूज वाढते, धाप वाढते, आणि आकडा बहुतेक वेळा जागचा हलत नाही.

याचं कारण असं की रिपोर्टातला आकडा अंगात मीठ एकूण किती आहे हे सांगतच नाही. एका लिटर पाण्यामागे सोडियम किती, एवढंच तो सांगतो. म्हणजे भागाकाराचं उत्तर आपल्या हातात येतं; वरची आणि खालची रक्कम दिसत नाही. अशा आकड्यांपैकी बहुतेकांचं मूळ खालच्या रकमेत, म्हणजे पाण्यात असतं. हे नीट कळायचं तर शरीरातलं पाणी कुठे कुठे आहे आणि ते जागा का बदलतं, हे आधी पाहावं लागेल.

हिशोबासाठी ६० किलो वजनाचा एक तब्येतीने ठीक पुरुष घेऊ. त्याच्या वजनाचा साधारण ६० टक्के भाग पाणी, म्हणजे ३६ लिटर. (बायकांमध्ये हे प्रमाण ५० टक्क्यांच्या आसपास असतं, कारण चरबीत पाणी कमी असतं; म्हातारपणीही ते घटतं.) या ३६ लिटरपैकी दोन तृतीयांश, म्हणजे २४ लिटर पेशींच्या आत आहे. उरलेलं १२ लिटर पेशींच्या बाहेर. त्या १२ मधलं साधारण ९ लिटर पेशींच्या भोवती, ऊतींच्या फटींत आहे, आणि रक्तवाहिन्यांत रक्तद्रव म्हणून फिरणारं पाणी जेमतेम ३ लिटर. आपण सुई टोचून जे तपासतो ते या शेवटच्या ३ लिटरमधलं थोडंसं. पण ज्या २४ लिटरवर जगणं-मरणं ठरतं, तिथे सुई पोचत नाही.

आत आणि बाहेर यांच्यामध्ये पेशीचं पातळ आवरण आहे. त्यातून पाणी सहज ये-जा करतं. त्यासाठी बहुतेक पेशींच्या आवरणात खास प्रथिनांच्या वाटाही असतात. त्या अॅक्वापोरिन नावाच्या वाटा पीटर अॅग्रे यांनी शोधल्या आणि २००३ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. मिठाला मात्र अशी मोकळीक नाही. सोडियम थोडं थोडं आत झिरपतं, पण प्रत्येक पेशीच्या आवरणातला पंप ते सतत बाहेर फेकत असतो: तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत. त्यामुळे बाहेरच्या १२ लिटरमध्ये मुख्य क्षार सोडियम आणि आतल्या २४ लिटरमध्ये पोटॅशियम, अशी विभागणी आयुष्यभर टिकते.

पुढचं सगळं या दोन गोष्टींतून निघतं. पाणी सगळीकडे जाऊ शकतं. सोडियम बाहेरच राहतं.

आता ऑस्मोलॅलिटी. नाव जड आहे, गोष्ट साधी आहे: एक किलो पाण्यात विरघळलेले कण किती. कण मोठा की लहान याने फरक पडत नाही, फक्त संख्या मोजायची. रक्ताची ऑस्मोलॅलिटी साधारण २८० ते २९५ मिलिऑस्मोल असते, आणि तुमच्या हातातल्या रिपोर्टावरून ती काढता येते:

ऑस्मोलॅलिटी = (२ × सोडियम) + (साखर ÷ १८) + (युरिया ÷ ६)

सोडियम १४०, साखर ९०, युरिया ३० असेल तर २८० अधिक ५ अधिक ५, म्हणजे २९०. सोडियमला दोनने गुणायचं कारण प्रत्येक सोडियमच्या जोडीला क्लोराईड किंवा बायकार्बोनेट असतं. (काही लॅब युरियाऐवजी फक्त त्यातला नायट्रोजन छापतात, तेव्हा ६ च्या जागी २.८ ने भागायचं.) या बेरजेत सोडियमचा वाटा किती मोठा आहे ते बघा.

युरिया मात्र पेशीच्या आवरणातून आरपार जातो. तो दोन्हीकडे सारखा पसरतो, म्हणून पाण्याला ओढत नाही. किडनीच्या रुग्णाचा युरिया १८० झाला तर ३० च्या आसपास पोचलेल्या युरियाच्या वाट्याने ऑस्मोलॅलिटी फुगलेली दिसेल, पण त्याच्या पेशी काही आक्रसणार नाहीत. पाणी ओढायची ताकद फक्त त्या कणांना, जे एका बाजूला अडकून पडतात. त्या कामाच्या कणांपुरतं बोलायचं तर आपल्या माणसाची ऑस्मोलॅलिटी २८० धरू. आत २४ लिटर गुणिले २८०, म्हणजे ६७२० कण. बाहेर १२ गुणिले २८०, म्हणजे ३३६० कण. एकूण १००८०. ('कण' म्हणतोय ते मिलिऑस्मोल, शब्द लहान पडावा म्हणून.)

हे तीन आकडे लक्षात ठेवले की बाकीचा लेख शाळेतल्या भागाकारावर चालतो. नियम एकच: काहीही आत टाका, थोड्या वेळात दोन्ही बाजूंची ऑस्मोलॅलिटी सारखी होईपर्यंत पाणी सरकतं. ही नुसती कागदावरची कल्पना नाही. १९३५ मध्ये अमेरिकेत डॅरो आणि यॅनेट यांनी प्राण्यांच्या पोटाच्या पोकळीत ग्लुकोजचं द्रावण भरलं, त्यात शरीरातलं मीठ उतरू दिलं आणि मग ते द्रावण बाहेर काढून घेतलं. एकूण पाणी जवळपास तेवढंच राहिलं, फक्त मीठ कमी झालं. तेवढ्याने बाहेरचं पाणी पेशींच्या आत शिरलं आणि प्राणी पाणी न गमावताच शुष्क झाल्यासारखे दिसू लागले. वैद्यकीय विद्यार्थी आजही जी आत-बाहेरच्या चौकटींची आकृती काढतात, ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

पहिला प्रयोग पाण्याचा. आपल्या माणसाने झटपट ३ लिटर साधं पाणी प्यायलं आणि काही कारणाने लघवी अजिबात झाली नाही. कण तेवढेच, १००८०. पाणी आता ३९ लिटर. भागाकार केला की ऑस्मोलॅलिटी २५८ आणि सोडियम १२९. पेशींच्या आत ६७२० कण आहेत. त्यांना २५८ ने भागलं की २६ लिटर. बाहेर १३. म्हणजे प्यायलेल्या ३ लिटरपैकी २ लिटर पेशींत शिरलं, एक लिटर बाहेर राहिलं, आणि रक्तवाहिन्यांत त्यातलं पाव लिटर. म्हणूनच नुसतं पाणी जास्त झाल्याने पाय सुजत नाहीत. ते पाणी इतकं पसरतं की डोळ्यांना दिसतच नाही.

पण पेशी आठ टक्क्यांनी फुगल्या. स्नायूची पेशी फुगली तर तिला जागा आहे. मेंदूला नाही, तो कवटीत बंद आहे. डोकेदुखी, मळमळ, मग भ्रमिष्टासारखं बोलणं, झटके, शेवटी शुद्ध हरपणं, हा क्रम त्या फुगण्यातून येतो. सोडियम कमी झाल्याची लक्षणं जवळपास सगळी मेंदूची का असतात, त्याचं उत्तर हेच.

निरोगी माणसात ही वेळ येत नाही, कारण ऑस्मोलॅलिटी एक-दोन टक्के जरी घसरली तरी मेंदूतून सुटणारं व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक थांबतं. हे संप्रेरक किडनीला पाणी धरून ठेवायला सांगतं. ते नसलं की लघवी ५० मिलिऑस्मोलपर्यंत पातळ होते आणि तासाला पाऊण ते एक लिटर पाणी बाहेर टाकता येतं. अडचण दोन प्रसंगी येते. एक, त्या वेगाहून जास्त पाणी ढोसलं तर. दोन, व्हॅसोप्रेसिन थांबायला हवं असताना थांबलं नाही तर. शस्त्रक्रियेनंतरच्या वेदना, सतत मळमळ, काही औषधं, न्यूमोनिया, फुफ्फुसाचा कर्करोग, लांबचं धावणं, अशा अनेक कारणांनी ते सुरूच राहतं.

२००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये शर्यत संपवलेल्या ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्के लोकांचं सोडियम १३५ किंवा त्याखाली निघालं. त्यात सर्वात ठळक खूण होती वजनाची: शर्यतीत ज्यांचं वजन वाढलं, त्यांना धोका जास्त. चार तास घाम गाळून वजन वाढतं याचा अर्थ घामापेक्षा जास्त पाणी पोटात गेलं. स्पोर्ट्स ड्रिंक पिणारेही यातून सुटले नाहीत, कारण त्या पेयांत सोडियम रक्ताच्या मानाने फारच थोडं असतं.

आपल्याकडे घराघरांत दिसणारा प्रकार वेगळा आहे. एकट्या राहणाऱ्या, भूक मेलेल्या आजी. दिवसभर चहा-बिस्कीट, रात्री थोडी पेज, वर ब्लडप्रेशरसाठी थायझाईड गटातली लघवीची गोळी, आणि 'उन्हाळा आहे, पाणी भरपूर पी' असा मुलाचा फोन. लघवी कितीही पातळ केली तरी दर लिटरला किमान ५० कण लागतात. नीट जेवणाऱ्या माणसाच्या शरीरात दिवसाला ६०० ते ९०० कण बाहेर टाकायला तयार असतात. प्रथिनांतून युरिया येतो, भाजी-आमटीतून क्षार. ६०० भागिले ५०, म्हणजे १२ लिटरपर्यंत सोय झाली. चहा-बिस्किटावर राहणाऱ्या आजींकडे कण २५० असतील तर कागदावर ५ लिटर; पण वयाने आणि त्या गोळीने लघवी ५० पर्यंत पातळ होतच नाही. ती समजा १५० वर अडकली, तर दिवसाला दीड-पावणेदोन लिटरच्या वर पाणी बाहेर पडूच शकत नाही. त्यावर प्यायलेला प्रत्येक पेला साठत जातो. अशा आजींना पापड देऊन भागत नाही. डॉक्टर गोळी बदलतात, पाणी मोजून देतात, आणि वाटीभर वरण, अंडं, दही पोटात जाईल असं बघायला सांगतात.

आता उलटा प्रयोग, मिठाचा. एक सपाट छोटा चमचा मीठ म्हणजे साधारण ६ ग्रॅम. त्यात सोडियम १०० आणि क्लोराईड १००, एकूण २०० कण. आपल्या माणसाने पाण्याचा घोटही न घेता ते खाल्लं असं धरू. सगळे २०० कण बाहेरच्या १२ लिटरमध्ये राहतात. पण पाणी स्वस्थ बसत नाही. चिरलेल्या कैरीला मीठ लावून ठेवलं की पाणी सुटतं, तेच इथे घडतं. एकूण कण १०२८०, पाणी ३६ लिटर, ऑस्मोलॅलिटी जवळपास २८६. आत ६७२० भागिले २८६, म्हणजे साडेतेवीस लिटर. पेशींनी अर्धा लिटर पाणी बाहेर दिलं. इथे एक गंमत आहे: मीठ पेशींच्या आत अजिबात शिरलं नाही, तरी सोडियम फक्त ३ ने वाढलं, जणू ते संपूर्ण ३६ लिटरमध्ये वाटलं गेलं. कारण मीठ आत गेलं नाही तरी आतलं पाणी बाहेर येऊन त्याला पातळ करून गेलं.

ऑस्मोलॅलिटी दोन टक्के वाढली की कडकडून तहान लागते. आपला माणूस पाणी पितो. किती प्यायल्यावर पुन्हा २८० होईल? २०० कणांना २८० ने भागा: ७०० मिलिलिटर. आता बघा, पेशी परत २४ लिटरवर आल्या, सोडियम १४० झालं, रिपोर्ट निर्दोष. पण पेशींबाहेरचं पाणी १२ वरून १२.७ लिटर झालं आणि वजन काट्यावर पाऊण किलोच्या आसपास वाढलं. लग्नाच्या पंगतीच्या दुसऱ्या दिवशी अंगठी घट्ट होते त्यामागे हेच असतं. निरोगी किडनी हे जादा मीठ पुढच्या एक-दोन दिवसांत काढून टाकते. कमजोर हृदय किंवा किडनी असलेल्याकडे ते साठत जातं.

म्हणजे शरीराकडे दोन वेगळे पहारेकरी आहेत. पाण्याचा हिशोब ऑस्मोलॅलिटी पाहून होतो, तहान आणि व्हॅसोप्रेसिन यांच्यामार्फत. मिठाचा हिशोब रक्तवाहिन्या किती भरलेल्या आहेत हे पाहून होतो, अल्डोस्टेरॉन आणि इतर संप्रेरकांमार्फत. अंगात मीठ जास्त झालं तर त्याची खूण सूज. कमी झालं तर खूण म्हणजे उभं राहताच चक्कर, वेगवान नाडी, पडलेलं ब्लडप्रेशर. सोडियमचा आकडा बिघडला तर बिघाड पाण्याच्या बाजूला शोधायचा. या दोन गोष्टींची गल्लत हेच या विषयातल्या बहुतेक चुकांचं मूळ आहे, असं माझं मत आहे, आणि ही गल्लत फक्त घरातले लोक करतात असंही नाही.

मिठाचा डोस मोठा झाला की खेळ जीवघेणा होतो. कुणी विषारी औषध प्यायलं तर ओकारी काढायला मिठाचं पाणी पाजायची पद्धत आपल्याकडे अजून आहे. दहा किलोच्या लेकराचा हिशोब करून पाहा. त्याच्या अंगात पाणी ६ लिटर, आत ४, बाहेर २. पेलाभर पाण्यात दोन छोटे चमचे मीठ दिलं आणि उलटी झालीच नाही, तर ४०० कण आणि २०० मिलिलिटर पाणी आत गेलं. एकूण कण २०८०, पाणी ६.२ लिटर, ऑस्मोलॅलिटी ३३५. सोडियम १६८ च्या आसपास. पेशींतलं पाणी ४ लिटरवरून ३.३ वर आलं. मेंदू सहाव्या हिश्शाने आक्रसला तर त्याला कवटीशी जोडणाऱ्या शिरा ताणून फाटतात आणि आत रक्तस्राव होतो. विषाने जे झालं नसतं ते मिठाने होतं. ओआरएसच्या पाकिटाचंही तसंच: एक लिटरचं पाकीट एका पेल्यात ढवळलं तर सोडियम लिटरला ७५ ऐवजी पावणेचारशेच्या घरात जातं. पाकिटावर लिहिलेलं पाणी मोजूनच घ्यायचं.

आता सलाईनकडे येऊ. 'डॉक्टर, अशक्तपणा आलाय, एक बाटली लावा' हे वाक्य कुठल्याही गावातल्या दवाखान्यात ऐकू येतं. बाटली कुठली लावली यावर पाणी कुठे जाणार हे ठरतं. नॉर्मल सलाईनच्या लिटरमध्ये ९ ग्रॅम मीठ असतं, सोडियम १५४, एकूण कण ३०८. ते रक्ताशी जवळपास मिळतंजुळतं असल्यामुळे पाणी आत-बाहेर सरकायचं कारण उरत नाही. सगळं लिटर पेशींबाहेर राहतं. रक्तवाहिन्यांच्या भिंतीतून मीठ सहज पार होतं, त्यामुळे त्यातलं पाव लिटर रक्तात टिकतं आणि पाऊण लिटर ऊतींत उतरतं. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या लिटरमधली ५० ग्रॅम साखर मात्र पेशी वापरून टाकतात. मागे उरतं ते साधं पाणी. त्यातलं दोन तृतीयांश पेशींत जातं आणि रक्तवाहिन्यांत जेमतेम ८० मिलिलिटर, म्हणजे अर्ध्या कपाहून थोडं जास्त. जुलाबाने ब्लडप्रेशर पडलेल्या माणसाला डेक्स्ट्रोज लावणं निरुपयोगी का, ते या ८० मिलिलिटरमध्ये आलं. आणि अशक्तपणाचं म्हणाल तर त्या ५० ग्रॅम साखरेतून मिळणारी ताकद दोनशे कॅलरींच्या आसपास. घरी दोन पोळ्या खाल्ल्या तरी तेवढ्याच मिळतात.

आता या सगळ्यातलं मला सर्वात आवडणारं कोडं. न्यूमोनिया झालेला तोच ६० किलोचा माणूस. व्हॅसोप्रेसिन विनाकारण सुरू आहे, सोडियम १२०. ब्लडप्रेशर ठीक, सूज नाही, जीभ ओली. नॉर्मल सलाईनमध्ये सोडियम १५४ आहे, रक्तात १२०. मग सलाईन लावलं तर आकडा वर जायला हवा. नाही का?

करून बघू. पाणी ३६ लिटर, ऑस्मोलॅलिटी २४०, एकूण कण ८६४०. एक लिटर सलाईन: कण ३०८ वाढले, पाणी ३७ लिटर. भागाकार २४१.८, सोडियम १२०.९. एका अंकाने वाढलं. आता काही तास थांबा. या माणसाचा मिठाचा पहारेकरी शाबूत आहे. रक्तवाहिन्या भरलेल्या आहेत हे त्याला दिसतं, म्हणून तो आलेलं सगळं मीठ, ३०८ कण, लघवीत काढून टाकतो. बिघडलाय तो पाण्याचा पहारेकरी. व्हॅसोप्रेसिनमुळे लघवी घट्टच होते. समजा ती ६१६ वर अडकलेली आहे (आकडा मुद्दाम दुप्पट घेतलाय). ३०८ कण बाहेर काढायला ६१६ च्या लघवीत पाणी किती लागलं? अर्धा लिटर. आपण दिलं होतं एक लिटर. मीठ सगळं गेलं, अर्धा लिटर पाणी मागे राहिलं. कण परत ८६४०, पाणी ३६.५ लिटर. सोडियम ११८.

खारट पाणी देऊन सोडियम खाली आलं. दुसरी बाटली लावली तर आणखी खाली. ज्याला हा हिशोब माहीत नाही तो 'सोडियम ऐकत नाहीये' म्हणून तिसरी बाटली मागवतो.

हे आधीच ओळखायची सोपी तपासणी आहे: लघवीतलं सोडियम आणि पोटॅशियम. दोन्हींची बेरीज रक्तातल्या सोडियमपेक्षा जास्त असेल तर किडनी मीठ घट्ट करून बाहेर टाकते आहे आणि पाणी साठवते आहे. त्या रुग्णाला सलाईनने उतार पडत नाही, आणि नुसतं पाणी तोडूनही भागत नाही. (पोटॅशियम का मोजायचं? कारण आतलं पोटॅशियम आणि बाहेरचं सोडियम मिळून पाण्याची वाटणी ठरवतात. एडेलमन यांनी १९५८ मध्ये किरणोत्सारी अणू वापरून हे रुग्णांमध्ये मोजून दाखवलं. म्हणून पोटॅशियम कमी असलेल्या रुग्णाला फक्त पोटॅशियम दिलं तरी सोडियम चढतं.) अशा माणसाला झटके आले तर ३ टक्क्यांचं घट्ट सलाईन लागतं, १०० ते १५० मिलिलिटरच्या छोट्या मात्रेत, देखरेखीखाली. त्याच्या लिटरमध्ये १०२६ कण असतात, लघवीच्या ६१६ पेक्षा पुष्कळ जास्त, म्हणून ते इथे काम करतं.

जुलाब-उलट्यांनी सुकलेल्या माणसाचं सोडियमही १२० असू शकतं, आणि तिथे तेच नॉर्मल सलाईन छान काम करतं. त्याच्यात व्हॅसोप्रेसिन सुरू असतं ते रक्तवाहिन्या रिकाम्या झाल्यामुळे, म्हणजे सकारण. दोन-तीन बाटल्यांनी रक्तवाहिन्या भरल्या की ते कारण संपतं, व्हॅसोप्रेसिन थांबतं, आणि काही वेळात पाण्यासारखी लघवी धो-धो सुरू होते. नातेवाईक खूश होतात. अनुभवी डॉक्टर इथे सावध होतो.

कारण मेंदू दरम्यान गप्प बसलेला नसतो. फुगायला लागला की तो आपल्या पेशींतून आधी क्षार आणि पोटॅशियम बाहेर ढकलतो, आणि साधारण दोन दिवसांत टॉरिन, ग्लुटामेट, मायोइनोसिटॉल असे सेंद्रिय कणही. कण कमी केले की पाणी आपोआप जातं आणि मेंदू मूळ आकारावर येतो. म्हणूनच हळूहळू १२० वर आलेल्या आजी 'जरा तोल जातोय' एवढंच सांगत बसलेल्या असतात, तर काही तासांत १२५ वर घसरलेल्या धावपटूला झटके येत असतात. पण कण टाकून दिलेल्या मेंदूभोवतीचं सोडियम एका दिवसात १२० वरून १३८ वर नेलं, तर तो आक्रसतो. टाकलेले सेंद्रिय कण परत गोळा करायला त्याला दिवस लागतात. मज्जातंतूंवरचं आवरण, विशेषतः मेंदूच्या देठात, त्याने खराब होतं. रुग्ण आधी सुधारतो, बोलू लागतो, आणि दोन ते सहा दिवसांनी त्याची वाचा आणि गिळणं जातं, हातपाय लुळे पडतात. म्हणून २४ तासांत वाढ ८ ते १० च्या आत ठेवायची. झटके थांबवायला ४ ते ६ ची वाढ पुरते, घाई तेवढ्यापुरतीच.

एक अपवाद सांगायला हवा. मधुमेहात साखर ६०० झाली तर ती साखर बाहेर अडकते, पेशींतलं पाणी ओढते, आणि त्या पाण्याने सोडियम पातळ होऊन १३२ च्या आसपास दिसतं. आकडा कमी, पण पेशी फुगलेल्या नाहीत, सुकलेल्या आहेत. सूत्रात घालून पाहा: २६४ अधिक ३३, वर युरिया. कमी सोडियमच्या रिपोर्टाशेजारी साखरेचा आकडा बघितल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

सोडियम सुधारत असताना दर चार ते सहा तासांनी रक्त तपासतात आणि लघवीची पिशवी तासातासाला मोजतात. वॉर्डात पहिला इशारा बहुतेक वेळा लघवी देते, लॅबचा रिपोर्ट मागून येतो. लघवी एकदम तासाला १०० मिलिलिटरच्या वर गेली आणि रंग उतरून पाण्यासारखी झाली, तर सोडियम ठरवल्यापेक्षा वेगाने चढणार. मग जे थांबलं म्हणून बरं वाटत होतं तेच परत द्यावं लागतं: डेस्मोप्रेसिन, म्हणजे कृत्रिम व्हॅसोप्रेसिन, आणि जोडीला पाच टक्के डेक्स्ट्रोज. सोडियम कमी म्हणून भरती झालेल्या माणसाला डॉक्टर मुद्दाम पाणी देताना दिसले तर घाबरायचं कारण नाही. हिशोब तोच आहे, फक्त आता उलट्या बाजूने चाललाय.